वृद्ध आईचा खावटी अर्ज

मुलगा किंवा मुलगी सांभाळ करीत नसल्यास आईने दरमहा ठरावीक रक्कम मिळावी म्हणून केलेला लेखी अर्ज. बोलीभाषेत याला ‘खावटीचा अर्ज’ किंवा ‘पोटगीची केस’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत शब्द आहेत चरितार्थ आणि निर्वाहभत्ता. असा अर्ज दोन वाटांनी करता येतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ प्रमाणे तो उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांताच्या, अध्यक्षतेखालील निर्वाह न्यायाधिकरणापुढे जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ प्रमाणे तो न्यायालयात जातो. दोन्हीकडे हक्क असला तरी वाट एकच निवडावी लागते. एकाच वेळी दोन्हीकडे भत्ता मागता येत नाही.

दुसरी वाट जुनी आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये ती होती. त्या कलमाखाली लग्न झालेली मुलगीही आई-वडिलांना खावटी देण्यास बांधील आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निर्णय ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणच्या एका प्रकरणातला. तिथे वडिलांनी डॉक्टर मुलीविरुद्ध अर्ज केला होता. जुन्या कायद्यात खावटीला महिना ५०० रुपयांची मर्यादा होती, ती २००१ मध्ये उठली. आई-वडिलांना मुलगा राहतो तिथल्या न्यायालयात जावे लागे, ती अडचण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने दूर केली. आता आई राहते तिथेही अर्ज चालतो.

अर्जाचा मसुदा करताना बहुतेकांचा वेळ मुलगा-सून कसे वागले हे लिहिण्यात जातो. पानेच्या पाने भरतात आणि हिशेब मात्र शेवटच्या चार ओळींत उरकला जातो. प्रांताला किंवा न्यायाधीशाला ठरवायचे असतात ते दोनच प्रश्न: आईचे स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मालमत्तेतून भागते का, आणि मुलाची ऐपत आहे का. अर्ज तगतो तो या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर, आणि कोणती वाट धरायची हेही त्या हिशेबातूनच ठरते. त्यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या धाटणीचे उदाहरण घेऊ.

अर्जदार ७१ वर्षांची विधवा. पती वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार, २०१४ मध्ये वारले. कोपरखैरण्याची खोली २०१९ मध्ये सर्व वारसांच्या सह्यांनी विकली आणि ते पैसे मुलाने घोडबंदर रोडला घेतलेल्या फ्लॅटमध्ये गेले. आई त्याच्याकडे राहू लागली. मार्च २०२४ मध्ये मुलाने तिला ‘आठ दिवसांसाठी’ कळव्याला मुलीकडे सोडले आणि परत नेले नाही. जूनपासून ती घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहते. मुलाने चार महिने ३,००० रुपये पाठवले, ऑक्टोबरपासून तेही बंद.

हकिकतीचा परिच्छेद एवढाच पुरतो, फक्त प्रत्येक वाक्याला तारीख किंवा महिना हवा. ‘मुलगा नीट सांभाळत नाही’ हे वाक्य मुलगा एका शब्दात नाकारतो. ‘जून ते सप्टेंबर २०२४ दरमहा ३,००० रुपये खात्यावर आले, त्यानंतर काहीही आले नाही’ हे तो नाकारू शकत नाही, कारण पासबुक सोबत जोडलेले असते. शिवाय ते ३,००० रुपये लपवायचे नसतात. आईला गरज आहे हे मुलाला मान्य होते, हे त्यातूनच सिद्ध होते.

पुढचा परिच्छेद आईच्या खर्चाचा. उदाहरणातील मसुद्यात तो असा आहे:

“अर्जदारास दरमहा पुढीलप्रमाणे खर्च येतो. खोलीभाडे रु. ६,५००, किराणा, दूध, भाजी व गॅस रु. ४,५००, मधुमेह व रक्तदाबाची औषधे व तपासण्या रु. २,८००, वीजबिल रु. ६००, दवाखान्यात जाण्यायेण्याचा रिक्षाखर्च रु. ८००, कपडे व किरकोळ रु. ९००, असा एकूण रु. १६,१००. भाडेकरार, औषधांच्या मागील तीन महिन्यांच्या पावत्या व वीजबिल सोबत जोडले आहे.”

आकडे गोल नसावेत असे जुने टंकलेखक सांगतात, त्यात तथ्य आहे. ‘औषधे ५,०००’ असे लिहून पावत्या २,८०० च्या निघाल्या की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

त्यानंतर आईचे स्वतःचे उत्पन्न. ‘अर्जदारास उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही’ हे वाक्य सवयीने घातले जाते आणि नेमके तेच घात करते. उदाहरणातील आईकडे पतीच्या ग्रॅच्युइटीतून ठेवलेली तीन लाखांची मुदतठेव आहे. सात टक्क्यांनी तिचे वर्षाला २१,००० म्हणजे महिना १,७५० रुपये व्याज येते. मुलगी महिना २,००० देते. दोन्ही गोष्टी मसुद्यात लिहायच्या. १६,१०० मधून ३,७५० वजा जाता तूट १२,३५० रुपयांची.

मुलाचे उत्तर ठरलेले असते: ठेव मोडा. म्हणून त्याचा हिशेब अर्जातच मांडून ठेवावा. ठेव मोडली तर व्याज बंद होते आणि महिन्याची तूट १४,१०० होते. तीन लाख रुपये पावणेदोन वर्षांत संपतात, आणि त्यानंतर मोठ्या आजारासाठी हाताशी काहीच राहत नाही. एवढ्या एका वाक्याने सुनावणीतला बराच वाद वाचतो.

मुलाचे उत्पन्न हा सर्वात अवघड भाग, कारण पगाराची पावती आईच्या हाती नसते. इथे ऐकीव माहिती खात्रीची म्हणून लिहू नये. शपथपत्रावर सही आईची असते. मसुद्यात वाक्य असे येते: “सामनेवाला महापे येथील खाजगी कंपनीत सुमारे अकरा वर्षांपासून नोकरीस आहे. त्याच्या घरकर्जाचा मासिक हप्ता रु. ३४,००० असल्याचे त्याने अर्जदारास स्वतः सांगितले आहे. अर्जदाराच्या माहिती व समजुतीप्रमाणे त्याचे मासिक उत्पन्न रु. ७०,००० पेक्षा कमी नाही.” बँका साधारणपणे उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपासच हप्ता बसू देतात, म्हणून हप्त्यावरून केलेला अंदाज निराधार ठरत नाही. त्याला जोडूनच विनंती करायची की सामनेवाल्याने मागील सहा महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या, फॉर्म १६ आणि बँक खात्याचा उतारा हजर करावा. कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार न्यायाधिकरणाला आहेत. मुलाने ती दडवली तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढावा, असा युक्तिवाद करता येतो.

हप्ते दाखवून ‘हातात काही उरत नाही’ म्हणणे हा मुलाचा हमखास बचाव. आयकर आणि भविष्यनिर्वाह निधी या सक्तीच्या कपाती न्यायालये साधारणतः धरतात. स्वतःहून काढलेल्या कर्जाला आईच्या पोटापेक्षा वरचा क्रम सहसा मिळत नाही. उदाहरणात तर ज्या फ्लॅटचा हप्ता पुढे केला जातो, त्यात कोपरखैरण्याच्या खोलीचे पैसे आहेत. हे हकिकतीत लिहावे, पण फ्लॅटमधला हिस्सा याच अर्जात मागू नये. २००७ च्या कायद्यातील कलम २३ आईने सांभाळाच्या अटीवर स्वतःची मालमत्ता मुलाच्या नावे केली असेल त्यासाठी आहे. विक्रीचे पैसे मुलाच्या खरेदीत गेले तर तो प्रश्न वेगळा, आणि खावटीत तो घुसवला की अर्ज वर्षानुवर्षे रेंगाळतो.

आता तूट १२,३५० आहे आणि न्यायाधिकरणाला २००७ च्या कायद्याप्रमाणे महिना १०,००० पेक्षा जास्त भत्ता देता येत नाही. न्यायालयात अशी कमाल मर्यादा नाही. उलट न्यायाधिकरणाची रीत संक्षिप्त आहे, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे आणि खास कारण असेल तर एकदाच ३० दिवस वाढ मिळते. ही मुदत पाळली जातेच असे नाही. उदाहरणातील आईने २,३५० रुपये सोडून प्रांताची वाट धरली. मसुद्यात मात्र तूट पूर्ण लिहिली आणि मागणी १०,००० ची केली. कमाल मर्यादेएवढी रक्कमही गरजेपेक्षा कमीच पडते हे त्यातून दिसते, आणि त्यात काटछाट करायला जागा उरत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसारखा मोठा खर्च समोर असता तर न्यायालय बरे.

अर्ज नेमका कुठे द्यायचा, यात नवी मुंबईत गोंधळ होतो. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात आणि ठाणे तालुक्यात मोडतो. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र रायगडच्या पनवेल तालुक्यात. आई राहते किंवा शेवटची राहत होती ते ठिकाण, किंवा मुलगा राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठेही अर्ज चालतो. घणसोली आणि घोडबंदर दोन्ही ठाणे प्रांताकडेच येतात. मुलगा खारघरला असता तरी आईला पनवेलला खेपा घालायची गरज नव्हती. मसुद्यात मुलाच्या घराबरोबर कंपनीचाही पत्ता द्यावा, कारण ते ९० दिवस नोटीस हाती पडल्यावरच सुरू होतात.

सामनेवाला म्हणून फक्त मुलाचे नाव असते. २००७ च्या कायद्यातील ‘मुले’ या व्याख्येत सून येत नाही. तिच्यावरचे आरोप वगळलेलेच बरे. बहिणीलाही सामील करा असे मुलगा म्हणू शकतो, तशी सोय कायद्यात आहे. म्हणून मुलगी देत असलेले २,००० आधीच नोंदवलेले असणे उपयोगी पडते. तपासणीपूर्वी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. तिथे मुलगा हमखास म्हणतो, ‘आईने घरी यावे, मी सांभाळतो.’ पत्नीने सोबत राहावे या अटीवर सांभाळण्याच्या तयारीचा उल्लेख न्यायालयीन वाटेच्या कलमात आहे, आईबाबत तसा नाही. तरीही प्रश्न विचारला जातोच. मसुद्यात एक तयार वाक्य असावे: मार्च २०२४ नंतर परत नेण्याचा एकही प्रयत्न झाला नाही, आणि अर्जदार सध्या स्वतंत्र राहू इच्छिते.

न्यायाधिकरणात वकील चालत नाही असे कायद्याचे कलम १७ म्हणते. त्यावर उच्च न्यायालयांत वाद झाले आहेत. आईची इच्छा असेल तर निर्वाह अधिकारी तिची बाजू मांडू शकतो. तरी अर्ज तिला वाचून समजेल आणि विचारल्यावर सांगता येईल अशाच मराठीत असावा.

शेवटच्या विनंतीत तीन गोष्टी येतात: निकालापर्यंत अंतरिम भत्ता, दरमहा १०,००० चा कायम भत्ता, आणि रक्कम प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आईच्या बँक खात्यात जमा करण्याचा आदेश. तिसरी गोष्ट पुष्कळदा राहून जाते. मुलाने पैसे थकवले तर वसुलीचे वॉरंट निघते आणि तरीही न दिल्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण थकलेल्या प्रत्येक हप्त्यासाठी आईला तो देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज करावा लागतो. तारीख आणि खाते आदेशातच असेल, तर पासबुक भरून आणले की कोणता महिना चुकला आणि मुदत कधी संपते ते लगेच कळते.