प्रेषण खाते (कन्साइनमेंट)

अडत्याच्या ताब्यात विक्रीसाठी माल पाठवणे म्हणजे प्रेषण. यात माल अडत्याकडे जातो, पण तो विकला जाईपर्यंत मालकी प्रेषकाचीच राहते. म्हणून प्रेषक माल पाठवताना विक्रीची नोंद करत नाही. तो प्रेषण खाते उघडून मालाची किंमत त्याच्या नावे टाकतो. अडत्याच्या वहीत हा माल खरेदी म्हणून येत नाही. विक्रीनंतर अडत्या हिशेबाची पट्टी पाठवतो, तेव्हाच प्रेषण खाते पुढे सरकते.

समजा, वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखानदाराने इंदूरच्या अडत्याकडे काजूचे 200 डबे पाठवले. डब्याची किंमत 7,000 रुपये, आणि गाडीभाडे व विमा मिळून 20,000 रुपये, म्हणजे डब्यामागे 100. (जीएसटी इथे बाजूला ठेवला आहे.) वाटेत गाडीत पाणी शिरून 10 डबे पूर्ण वाया गेले. उरलेले 190 उतरवायला अडत्याने 3,800 रुपये हमाली दिली. त्यातले 150 डबे 8,000 रुपयांनी विकले गेले. गोदामभाडे 5,000 झाले आणि 12 लाखांच्या विक्रीवर 5 टक्क्यांनी कमिशन 60,000 झाले. हमाली, भाडे आणि कमिशन कापून अडत्याने 11,31,200 रुपये पाठवले.

वाया गेलेल्या डब्यांची किंमत 7,100 रुपयांनी धरायची, कारण नुकसान झाले तेव्हा हमालीचा खर्च झालेलाच नव्हता. हे 71,000 रुपये प्रेषण खात्यात जमा करून असाधारण नुकसान खात्याच्या नावे जातात. अपघाताचा बोजा विक्रीच्या नफ्यावर पडू नये, हा त्यामागचा हेतू. विम्याचे 60,000 मिळाले, तर उरलेले 11,000 नफा-तोटा खात्यात जातात. काजू वाळून वजन थोडे घटते, ते मात्र नेहमीचे नुकसान. त्याची वेगळी नोंद होत नाही, उरलेल्या मालाची दर एककी किंमत तेवढी वाढते.

शिल्लक 40 डब्यांना हमालीचे 20 रुपयेही लागतात, म्हणून किंमत 7,120 आणि एकूण 2,84,800. माल विक्रीच्या ठिकाणी आणेपर्यंतचा खर्च यात येतो, गोदामभाडे व कमिशन येत नाही. बाजारात निव्वळ मिळणारी किंमत याहून खाली गेली असेल तर तीच धरावी. परीक्षेत आणि दुकानातही चूक इथेच होते: हमाली 190 ऐवजी 200 डब्यांवर वाटली जाते, किंवा गोदामभाडे शिलकीत मिसळून नफा फुगवला जातो.

नफा येतो 67,000. पडताळा सोपा आहे: विकलेल्या 150 डब्यांवर प्रत्येकी 880 म्हणजे 1,32,000, त्यातून भाडे व कमिशनचे 65,000 वजा.

उधारीची जोखीम अडत्याने घेतली तर त्याला डेल क्रेडेरे नावाचे जादा कमिशन मिळते आणि बुडीत रक्कम त्याच्या माथी राहते. ते ठरले नसेल, तर बुडीत उधारी प्रेषण खात्याच्या नावे पडते.