मूल्यांकनकाराची सक्षमता आणि तटस्थता: एकीच्या पुराव्यावर दुसरी गृहीत धरू नये

लेखापरीक्षणाच्या फायलीत एक वाक्य वारंवार आढळते: "मूल्यांकनकार नोंदणीकृत व अनुभवी असल्याने अहवालावर विसंबण्यास हरकत नाही." हे वाक्य केवळ सक्षमतेबद्दल बोलते, तटस्थतेबद्दल एक अक्षरही नाही, आणि तरीही निष्कर्ष दोन्हींचा काढते.

सक्षमता तपासणे सर्वांना येते. पात्रता, नोंदणी आणि त्याच प्रकारच्या मालमत्तेचा अनुभव पाहावा. घरांचे मूल्य ठरवणारा असूचीबद्ध समभागांचेही ठरवू शकेलच असे नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

तटस्थतेचे तसे नाही. सक्षमता माणसाबरोबर एका कामातून दुसऱ्या कामात जाते, तटस्थता मात्र प्रत्येक नेमणुकीत नव्याने तपासावी लागते. कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञासाठी आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक ५०० आणि लेखापरीक्षकाने स्वतः नेमलेल्या तज्ज्ञासाठी मानक ६२० सक्षमता आणि तटस्थता यांची वेगवेगळी नावे घेतात, ती याच कारणाने. "तज्ज्ञ बाहेरचा आहे, म्हणजे तटस्थ आहे" हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. पगारी कर्मचाऱ्यापेक्षा बाहेरचा तज्ज्ञ मोकळा असण्याची शक्यता अधिक, हे खरे. पण त्याला नेमतो कोण, शुल्क मूल्यावर अवलंबून आहे का आणि गृहीतके कोणी पुरवली, हे प्रश्न त्यालाही लागू होतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका इमारतीचे वार्षिक निव्वळ भाडे १२ लाख आहे आणि तिच्यावर १.०५ कोटींचे कर्ज आहे. कर्ज मूल्याच्या ७० टक्क्यांहून अधिक असू नये, अशी बँकेची अट आहे. मूल्यांकनकाराने मसुद्यात परताव्याचा दर ८.५ टक्के धरला, तेव्हा भाड्याला त्या दराने भागून मूल्य सुमारे १.४१ कोटी आले, म्हणजे कर्जाचे प्रमाण ७४ टक्क्यांच्या वर गेले आणि अट मोडली. अंतिम अहवालात दर ८ टक्के झाला, मूल्य नेमके १.५ कोटी भरले आणि प्रमाण बरोबर ७० टक्क्यांवर आले. दोन्ही दर बाजारात समर्थनीय असू शकतात, गणितही अचूक आहे, त्यामुळे सक्षमतेच्या कसोटीवर या अहवालात काहीच खटकत नाही. शंका येते ती केवळ मसुदा आणि अंतिम अहवाल शेजारी ठेवल्यावर.

म्हणून माझा आग्रह असतो की केवळ सही केलेला अहवाल न घेता नेमणूक-पत्र, आधीचे मसुदे आणि त्यांवरचा पत्रव्यवहारही मागावा. दर बदलण्याआधी तुलनीय इमारतींच्या नव्या विक्रीची माहिती आली असेल, तर बदल योग्य ठरू शकतो, मात्र ती माहिती स्वतः पडताळून पाहावी. व्यवस्थापनाच्या पत्राखेरीज दुसरे कारण सापडत नसेल, तर मूल्यांकनकाराची पदवी कितीही मोठी असली तरी ८ टक्क्यांचा दर हा व्यवस्थापनाचाच दावा समजावा आणि तो स्वतंत्र पुराव्यावर, गरज पडल्यास आपण नेमलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाकडून, तपासून घ्यावा.