ब्लॅक–शोल्स सूत्र: कॉलची किंमत आणि डेल्टा

मुदतीच्या दिवशीच वापरता येणाऱ्या, म्हणजे युरोपीय पद्धतीच्या ऑप्शनची आजची किंमत प्रसामान्य वितरणाच्या आधारे काढण्याचे सूत्र. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी ते १९७३ मध्ये मांडले आणि रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी त्याची मांडणी आणखी व्यापक केली. शोल्स आणि मर्टन यांना या कामासाठी १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लॅक यांचे त्याआधी १९९५ मध्ये निधन झाले होते. राष्ट्रीय शेअर बाजारातील निफ्टीचे ऑप्शन युरोपीय पद्धतीचे असल्यामुळे त्यांना हे सूत्र सरळ लावता येते.

सूत्र. शेअर किंवा निर्देशांकाचा आजचा भाव S, ऑप्शनमध्ये ठरलेला सौद्याचा भाव म्हणजे स्ट्राइक K, वर्षांत मोजलेली उरलेली मुदत T, सातत्याने चक्रवाढ धरलेला बिनजोखमीचा व्याजदर r आणि भावाच्या चढउताराचे वार्षिक प्रमाण म्हणजे व्होलॅटिलिटी σ; कॉलची, म्हणजे खरेदीचा हक्क देणाऱ्या ऑप्शनची, किंमत C काढायला एवढ्या पाच गोष्टी लागतात. लाभांश सध्या बाजूला ठेवू.

```
d1 = [ln(S/K) + (r + σ²/2)·T] / (σ·√T)
d2 = d1 − σ·√T
C  = S·N(d1) − K·e^(−rT)·N(d2)
```

N(x) म्हणजे प्रमाणित प्रसामान्य वक्राखालचे x च्या डावीकडचे क्षेत्रफळ. घंटेसारखा वक्र इथे शेअरच्या भावाचा नसतो, भावाच्या लॉगरिदमचा असतो. भाव शून्याखाली जाऊ शकत नाही, हे त्यामुळेच सूत्रात आपोआप येते.

उदाहरण. निफ्टी २४,०००, स्ट्राइक २४,५००, मुदत ३० दिवस, व्याजदर ६.५ टक्के आणि व्होलॅटिलिटी १४ टक्के धरू. T = ३०/३६५ = ०.०८२१९ आणि त्याचे वर्गमूळ ०.२८६६९, म्हणून σ√T = ०.०४०१४. याचा अर्थ असा की महिन्याभरात निर्देशांकाची नेहमीची हालचाल साधारण ४ टक्क्यांची धरली आहे. स्ट्राइक मात्र भावापेक्षा २ टक्क्यांहून थोडा अधिक वर आहे.

```
ln(24000/24500)      = −0.02062
(0.065 + 0.0098)·T   =  0.00615
d1 = −0.01447/0.04014 = −0.3606   N(d1) = 0.3592
d2 = −0.3606 − 0.0401 = −0.4007   N(d2) = 0.3443
K·e^(−rT)            = 24369.46
C = 8621.2 − 8391.0  = 230.2
```

कॉलची किंमत सुमारे ₹२३० झाली. पडताळणीसाठी पुट–कॉल समता वापरावी: त्याच स्ट्राइकच्या पुटची, म्हणजे विक्रीचा हक्क देणाऱ्या ऑप्शनची, किंमत C − S + Ke^(−rT), म्हणजे सुमारे ₹६०० यायला हवी.

किंमत ही आठ हजारांवरच्या दोन रकमांची वजाबाकी असते, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. d1 आणि d2 दोन दशांशांपर्यंत आणून छापील कोष्टकातून −०.३६ आणि −०.४० ची मूल्ये घेतली, तर उत्तर सुमारे ₹२२८ येते. परीक्षेत एवढा फरक चालून जातो, सौद्यात चालत नाही. कोष्टकच वापरायचे असेल तर शेजारच्या दोन मूल्यांमधले अंतर्वेशन करावे, किंवा स्प्रेडशीटमध्ये NORM.S.DIST(x,TRUE) वापरावे.

चुका. TRUE च्या जागी FALSE पडले, तर क्षेत्रफळाऐवजी वक्राची उंची मिळते. या उदाहरणात ती d1 ला ०.३७४ आणि d2 ला ०.३६८ येते. आकडे नुसते पाहिले तर संशय येत नाही, पण कॉलची किंमत शून्य निघते. हा योगायोग नाही. S गुणिले d1 वरची उंची ही Ke^(−rT) गुणिले d2 वरच्या उंचीएवढीच असते, म्हणून वजाबाकीत काहीच उरत नाही. कोणत्याही आकड्यांना कॉल शून्य येत असेल, तर आधी हीच जागा तपासावी.

LN ऐवजी LOG लिहिणे त्याहून फसवे. LOG दहाच्या पायाचा असल्याने वरच्या आकड्यांना किंमत ₹२१४ येते. ती बाजारात सहज खपेल अशी दिसते, पण पुढे समजावलेला डेल्टा ०.३५९ ऐवजी ०.४७ होऊन बसतो आणि त्यावर केलेले हेज, म्हणजे जोखीम झाकणारा उलटा सौदा, पहिल्या दिवसापासून चुकते. मुदत दिवसांत भरणे किंवा १४ टक्क्यांसाठी ०.१४ ऐवजी १४ भरणे या चुका त्या मानाने सौम्य, कारण उत्तर इतके भलते येते की लगेच कळते.

डेल्टा. निर्देशांक एका अंकाने हलला तर कॉलची किंमत किती रुपयांनी हलेल, हे डेल्टा सांगतो. लाभांश नसलेल्या कॉलसाठी तो N(d1) एवढा असतो, इथे ०.३५९. पुटचा डेल्टा N(d1) − १, म्हणजे −०.६४१.

निफ्टी लगेच १०० अंकांनी वर गेला, तर डेल्टाच्या हिशेबाने कॉल ₹३५.९ ने वाढून ₹२६६.१ व्हायला हवा. सूत्रात २४,१०० घालून पाहिले तर ₹२६८.१ येतो. वाटेत डेल्टा स्वतःच ०.३५९ वरून ०.३९९ वर चढला, म्हणून हे दोन रुपये जास्त आले. डेल्टाच्या या बदलत्या वेगाला गॅमा म्हणतात.

डेल्टाचा खरा उपयोग हेजिंगचा. लॉट ७५ चा धरून दहा लॉट कॉल विकले, तर विकणाऱ्यावर ७५० कॉल येतात. त्यांची जोखीम ७५० × ०.३५९, म्हणजे सुमारे २६९ युनिट निफ्टी विकल्याएवढी. तेवढे फ्यूचर घ्यायचे तर ३.५९ लॉट होतात. अर्धा लॉट मिळत नाही, त्यामुळे ३ किंवा ४ लॉटवर समाधान मानावे लागते. निफ्टी १०० अंक वर गेला की गरज २९९ युनिटची होते, म्हणजे आणखी ३० युनिट चढ्या भावाने घ्यायचे. खाली आला की तेच उतरत्या भावाने विकायचे. प्रत्येक फेरीत थोडे नुकसान होते आणि त्याची भरपाई कॉल विकून मिळालेल्या, रोज झिजणाऱ्या प्रीमियममधून व्हायची असते. या कॉलमध्ये ती झीज पहिल्या दिवसाला सुमारे ₹७.५० आहे. बाजार १४ टक्के व्होलॅटिलिटीपेक्षा जास्त उसळला, तर ती अपुरी पडते.

डेल्टा म्हणजे कॉल नफ्यात संपण्याची शक्यता, असे ब्रोकरांच्या बोलण्यात सर्रास ऐकू येते. ते नेमके नाही. भाव मुदतीला स्ट्राइकच्या वर असण्याची शक्यता N(d2) देतो, इथे ०.३४४. तीही बाजारभावात दडलेली जोखीम-तटस्थ शक्यता असते, प्रत्यक्षातली नव्हे. महिन्याच्या निफ्टी कॉलमध्ये दोन्ही आकडे जवळ असल्याने ही गल्लत खपून जाते. वर्षाची मुदत आणि ४० टक्के व्होलॅटिलिटी असेल तर d1 आणि d2 मध्येच ०.४० चे अंतर पडते, आणि डेल्टाला शक्यता समजणारा चांगलाच फसतो.

मर्यादा. पाच आकड्यांपैकी चार समोर दिसतात, σ दिसत नाही. ती १४ ऐवजी १५ टक्के धरली की हाच कॉल ₹२३० वरून ₹२५६ वर जातो. म्हणून बाजारात सूत्र बहुतेक वेळा उलट्या दिशेने चालवतात: कॉल ₹२५६ ला मिळत असेल तर त्यात १५ टक्के व्होलॅटिलिटी गृहीत आहे, असे वाचतात. सूत्राप्रमाणे ही व्होलॅटिलिटी सर्व स्ट्राइकना सारखीच हवी. प्रत्यक्षात, विशेषतः ऑक्टोबर १९८७ च्या पडझडीनंतर, निर्देशांकाच्या खालच्या स्ट्राइकना ती जास्त दिसते. साहजिकच डेल्टाही कोणती σ घातली त्यावर ठरतो, आणि एकाच कॉलचा डेल्टा दोन पडद्यांवर वेगळा दिसतो त्याचे नेहमीचे कारण हेच.

लाभांशासाठी सोपा मार्ग म्हणजे S ऐवजी त्याच मुदतीच्या फ्यूचरचा भाव e^(−rT) ने गुणून वापरणे, कारण लाभांश त्यात आधीच वजा झालेला असतो. लाभांश नसता तर वरच्या आकड्यांना फ्यूचर सुमारे २४,१२९ वर हवा. तो २४,०९० ला चालू असेल तर निव्वळ S वरून काढलेला कॉल बाजारापेक्षा महाग दिसणारच.