वायूही नाही, द्रवही नाही: डिकॅफ कॉफीमागचा कार्बन डायऑक्साइड

इमारतीच्या जिन्यात टांगलेली अग्निशामक सिलिंडरं कधी नीट पाहा. पावडर भरलेल्या सिलिंडरवर दाब दाखवणारी छोटी तबकडी असते. काळ्या नरसाळ्याच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर ती नसते. ते भरलेलं आहे की रिकामं, हे वजन करून ठरवतात. आत द्रव आणि त्यावर त्याची वाफ असं दोन्ही असतं आणि २० अंश सेल्सिअसला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५७ पट असतो. अर्धा माल गळून गेला तरी आत थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तेवढाच राहतो, त्यामुळे काटा असता तरी त्याने फसवलंच असतं.

हेच सिलिंडर मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत ठेवलं, तर आत द्रव उरत नाही. गंमत म्हणजे साधा वायूही उरत नाही. जे काही असतं, त्याच प्रकारच्या पदार्थाने कारखान्यात कॉफीतलं कॅफिन काढतात.

हे समजून घ्यायला फेज डायग्राम लागतो. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब, इतका साधा आलेख. त्यात घन, द्रव आणि वायू असे तीन प्रदेश असतात आणि त्यांच्यामध्ये रेषा. रेषेवर असलात की दोन्ही बाजूंच्या अवस्था एकत्र नांदतात. पाण्याच्या आलेखावर हवेच्या नेहमीच्या दाबाला डावीकडून उजवीकडे गेलं, की शून्य अंशाला एक रेषा लागते आणि शंभराला दुसरी. दाब दुप्पट केला तर उकळण्याची रेषा १२० अंशांच्या आसपास लागते. प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती यामुळे.

तिन्ही रेषा जिथे मिळतात तो त्रिक बिंदू. पाण्यासाठी तो ०.०१ अंशाला आणि हवेच्या दाबाच्या जेमतेम ०.६ टक्का इतक्या कमी दाबाला येतो. म्हणून आपल्या रोजच्या जगात पाणी द्रवरूपात वाहू शकतं. कार्बन डायऑक्साइडचा त्रिक बिंदू मात्र उणे ५६.६ अंशाला आणि हवेच्या ५.१ पट दाबाला आहे. आपण त्याच्या खूप खाली राहतो, त्यामुळे उघड्यावर ठेवलेला ड्राय आइस उणे ७८.५ अंशाला थेट वायू होतो, ओला होतच नाही. घन आणि द्रव यांच्यातली रेषाही दोघांची वेगळी: पाण्याची डावीकडे झुकते, कारण बर्फ पाण्यापेक्षा हलका आहे आणि दाबल्यावर वितळू पाहतो. कार्बन डायऑक्साइडची उजवीकडे झुकते. बहुतेक पदार्थ असेच वागतात; पाणीच विक्षिप्त.

खरी नवलाची रेषा द्रव आणि वायू यांच्यामधली. ती मध्येच संपते. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये हे कार्बन डायऑक्साइडवर नीट मोजून दाखवलं. जाड काचेच्या बंद नळीत खाली द्रव आणि वर वाफ असताना दोघांमधली पातळी स्वच्छ दिसते. नळी हळूहळू तापवली की द्रव फुगून हलका होत जातो आणि वर दाटत जाणारी वाफ जड होते. ३१ अंशाला, हवेच्या ७३ पट दाबाला, दोघांची घनता सारखी होते. त्या क्षणी नळीतला पदार्थ दुधाळ दिसतो, पातळीची रेषा धूसर होते आणि नाहीशी होते. बुडबुडा नाही, उकळणं नाही. हा क्रांतिक बिंदू. त्याच्या वरच्या तापमानाला आणि दाबाला असलेल्या पदार्थाला सुपरक्रिटिकल म्हणतात.

या अवस्थेची खुबी अशी, की घनता आपल्या हातात येते. ४० अंशाला दाब ८० पट असेल तर लिटरभर कार्बन डायऑक्साइडचं वजन सुमारे ३०० ग्रॅम भरतं. दाब १०० पट केला की ते ६३० ग्रॅमच्या आसपास जातं. आणि विरघळवण्याची ताकद बऱ्याच अंशी घनतेवर ठरते. असा दाट पदार्थ द्रवासारखा विरघळवतो, पण वायूसारखा पातळ असल्याने बीच्या बारीक छिद्रांत सहज शिरतो. पाणीही सुपरक्रिटिकल होतं, पण त्याला ३७४ अंश आणि २१८ पट दाब लागतो. तिथे कॉफीचा कोळसाच होईल.

कॉफीतलं कॅफिन काढण्याचा पहिला मोठा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस यांनी उभारला, तो चक्क बेंझीन वापरून. पुढे दुसरी द्रावकं आली, तरी बियांत त्यांचा अंश राहण्याची धास्ती कायम होती. साठच्या दशकात जर्मनीतल्या म्युलहाइम इथल्या माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोसेल वेगळंच काम करत होते. क्रांतिक बिंदूपलीकडचा इथिलीन वायू मिश्रणातले पदार्थ उचलून नेतो आणि दाब उतरवला की टाकून देतो, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यातूनच कार्बन डायऑक्साइड आणि कॉफीची जोडी जमली.

भाजलेल्या कोरड्या कॉफीतून कोरडा कार्बन डायऑक्साइड फिरवला, तर तो सुवासिक तेलं घेऊन जातो आणि कॅफिन मागे ठेवतो, म्हणजे नेमकं उलटं. कोरड्या बीत कॅफिन क्लोरोजेनिक आम्लाशी बांधलेलं असतं. म्हणून बिया कच्च्या, हिरव्या घेतात, भाजल्यावर येणारा सुवास अजून तयारच झालेला नसताना. त्यांना आधी वाफ आणि पाणी देऊन फुगवतात, इतकं की वजनाचा निम्म्याजवळ भाग पाणीच होतो. त्या ओलीत बांधलेलं कॅफिन सुटतं.

मग जाड पोलादी टाकीत झोसेल यांच्या पद्धतीनुसार ७० ते ९० अंश तापमानाला आणि हवेच्या १६० ते २२० पट दाबाला कार्बन डायऑक्साइड बियांमधून फिरवतात. कॅफिन त्यात फार विरघळत नाही, म्हणून तोच वायू पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो आणि काम दहाएक तास चालतं. साखर आणि प्रथिनं त्याला जवळजवळ विरघळवता येत नाहीत, ती बीतच राहतात. चवीच्या दृष्टीने या पद्धतीची सगळी भिस्त या निवडकपणावर आहे.

कॅफिन घेतलेला वायू दुसऱ्या मनोऱ्यात जातो. तिथे वरून पाणी पडत असतं. कॅफिनला पाणी अधिक जवळचं, त्यामुळे ते तिकडे जातं आणि मोकळा वायू परत बियांकडे वळतो. इथे एक शंका यावी: कॅफिनला पाणीच प्रिय, तर ते ओल्या बीतलं पाणी सोडून वायूत येतं कसं? प्रत्येक फेरीत येणारा वायू धुऊन आलेला असतो, म्हणून. थोडं थोडं करत बी रिकामी होते. मनोऱ्यातलं पाणी जुनं झालं आणि त्यात कॅफिन साचलं, की वायू अर्धवट धुतला जातो आणि बियांतलं कॅफिन कमी होणं थांबतं. दाब मात्र या चक्रात कुठेच उतरवावा लागत नाही, आणि तिथेच खर्च वाचतो. एवढा वायू दर फेरीला नव्याने दाबत बसणं परवडणारं नाही.

तरीही हे काम छोट्या कॉफीवाल्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. दोनशे पट दाब सोसणाऱ्या टाक्या आणि पंप महाग पडतात, म्हणून ही पद्धत मोठ्या कारखान्यांतच दिसते. बाजारातल्या बऱ्याच डिकॅफचं कॅफिन आजही डायक्लोरोमिथेन, एथिल ॲसिटेट किंवा नुसत्या पाण्याने काढलेलं असतं.

डिकॅफ म्हणजे शून्य कॅफिन असंही नाही. युरोपात भाजलेल्या डिकॅफ कॉफीत ०.१ टक्क्यापर्यंत कॅफिन चालतं. साध्या अरेबिकात ते साधारण १.२ टक्के असतं आणि रोबस्टात दोन टक्क्यांच्या वर. काढलेलं कॅफिन वाया जात नाही. पाण्यातून ते वेगळं करून शुद्ध करतात आणि शीतपेयं व औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना विकतात.