निफाड गारठतं तेव्हा नाशिक उबदार का राहतं?

डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की बातमीत पहिला आकडा बहुधा निफाडचा असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बऱ्याचदा नाशिक शहरापेक्षा काही अंशांनी खाली जातो आणि द्राक्ष बागायतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. खरं तर गोदावरी नाशिककडून निफाडकडे वाहते, म्हणजे निफाड सखल भागात आहे. नुसती उंची पाहिली तर तिथे हवा किंचित उबदारच हवी. थंड, जड हवा नदीकाठच्या सखल जमिनीवर साचते, हे एक कारण झालं. दुसरं कारण शहराच्या रचनेत आहे.

सूर्य मावळल्यावर जमिनीला दिवसाची उष्णता बाहेर टाकायची असते. ती ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात निघते. 15 अंशांवरची जमीन दर चौरस मीटरला सुमारे 390 वॅट बाहेर टाकते. निरभ्र, कोरडं आकाश त्यातले 290च्या आसपास परत पाठवतं. उरलेले 100 वॅट कायमचे गेले. मोकळ्या शेतात रात्रभर हा तोटा चालू राहतो, म्हणून शेत झपाट्याने गार होतं.

आता जुन्या नाशकातल्या एखाद्या बोळात उभे राहा. बोळ तीन मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना सहा मीटर उंच भिंती, असं धरू. मधोमध उभं राहून वर पाहिलं तर आकाशाची एक पट्टी दिसते. भूमितीने हिशोब केला तर जमिनीवरून निघालेल्या किरणांपैकी जेमतेम 24 टक्केच त्या पट्टीतून बाहेर पडतात. बाकीचे समोरच्या भिंतींवर आदळतात, आणि त्या भिंतीही जवळपास जमिनीइतक्याच तापलेल्या असल्याने तेवढीच ऊर्जा परत देतात. म्हणजे शेतातल्या 100 वॅटच्या जागी इथे सुमारे 24 वॅटच जातात. रस्ता 24 मीटर रुंद आणि इमारती 12 मीटर उंच असतील तर हाच आकडा 70 टक्क्यांवर जातो. भर दुपारी बोळ सावलीमुळे सुखद वाटतो. रात्री मात्र तीच अरुंदी उष्णतेला बाहेर पडू देत नाही.

उष्णता अडते तशी साठतेही. एक हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब घ्या. दुपारी तापलेला हा स्लॅब रात्रीतून दहा अंशांनी निवायचा तर त्याला 65 ते 70 युनिट विजेइतकी ऊर्जा सोडावी लागते. एक किलोवॅटचा हीटर जवळजवळ तीन दिवस अखंड चालवावा, एवढी. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना हे अंगानेच ठाऊक असतं. गच्चीच्या वर सगळं आकाश मोकळं, म्हणून वरची बाजू लवकर निवते. खालच्या बाजूने तोच स्लॅब खोलीत उष्णता सोडत राहतो.

कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या मातीचं उलट. तिच्यातून उष्णता खोलवर जात नाही. वरचा पातळ थर तापतो आणि तोच निवतो. म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी पडीक रान शहराइतकंच, कधी अधिकही तापतं, आणि रात्री पटकन गार होतं. ओल्या मातीत मात्र जास्त उष्णता मुरते आणि रात्री हळूहळू बाहेर येते. थंडीच्या पहाटे बागेला पाणी देण्यामागे हेच आहे.

रात्र गरम आणि दिवस जवळपास सारखा, ही शहराची खूण जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज हवामान अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी लंडन आणि आसपासच्या खेड्यांतल्या नोंदी ताडून पाहिल्या. शहराच्या रात्री सरासरी दोन अंशांनी उबदार होत्या. दिवसा फरक नगण्य होता.

स्वतः पडताळायचं असेल तर निरभ्र, वारा पडलेली रात्र निवडा. वारा असला की शहराची आणि शेताची हवा मिसळते. ढग असले की शेतालाही वरून ऊर्जा परत मिळते, म्हणून पावसाळ्यात फरक फारसा उरत नाही. एकसारखे दोन तापमापक, जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीला न टेकवता, एक बोळात आणि एक शेतात ठेवा, आणि शक्यतो सारख्या उंचीवरच्या, खोलगट नसलेल्या जागा घ्या, नाहीतर साचलेल्या थंड हवेचा परिणाम शहराच्या नावावर जमा होईल. सूर्यास्ताला दोन्ही आकडे जवळजवळ असतील. नंतरच्या तीन ते पाच तासांत शेताचा पारा भराभर उतरतो आणि अंतर सर्वात जास्त होतं. पुढे शेताचा उताराचा वेग मंदावतो, आणि बोळ पहाटेपर्यंत सावकाश निवत राहतो. एकाच वेळच्या नोंदीत हा फरक नीट पकडता येत नाही, म्हणून संध्याकाळ, रात्री दहा आणि पहाट अशा तिन्ही नोंदी घ्या.