क्रिएटिनचा डबा घरी येण्याआधी

आज परत ट्रेनर म्हणाला, काकू क्रिएटिनची पावडर सुरू करा, स्क्वॉटला फरक पडेल. गेल्याच महिन्यात बार हातात धरायला शिकले मी, त्यात हे. लेक म्हणते आई घे गं सगळे घेतात, आणि अहोंचं एकच, किडनी जाईल. दोघांनाही कुठून माहीत झालं ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून मग मीच गेले दोन-तीन आठवडे रात्री बसून वाचतेय आणि आज इथे लिहून काढतेय, नाहीतर डोक्यात नुसता गुंता राहील.

पहिली गोष्ट म्हणजे हे काही जिमवाल्यांनी काल शोधलेलं नाहीये. 1832 मध्ये शेव्हरल नावाच्या फ्रेंच केमिस्टने मांसातून हा पदार्थ वेगळा काढला. पुढे 1847 मध्ये जर्मनीच्या लीबिगने बघितलं की शिकारीत पळून पळून मेलेल्या जंगली कोल्ह्यांच्या मांसात क्रिएटिन पिंजऱ्यात ठेवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणजे पळण्याशी, स्नायूंच्या कामाशी याचा काहीतरी संबंध आहे हा वास तेव्हाच लागला होता. पण ते करतं काय हे कळायला अजून 80 वर्षं गेली, आणि तिथे आपला एक माणूस येतो, येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचा. हार्वर्डमध्ये सायरस फिस्कबरोबर काम करताना 1927 मध्ये त्यांनी दाखवलं की स्नायूत जो सुटा फॉस्फेट समजला जात होता त्यातला बराचसा सुटा नसतोच, तो क्रिएटिनला चिकटलेला असतो, स्नायूने काम केलं की तुटतो आणि विश्रांती मिळाली की परत जोडला जातो. ब्रिटनमध्येही त्याच वर्षी दुसऱ्यांना हेच सापडलं. शाळेत आपल्याला हे नाव कुणी सांगितलं नाही, असो.

तर मला समजलं ते असं. स्नायूचं रोजचं इंधन म्हणजे एटीपी, आणि ते स्नायूत अगदी थोडंच असतं, जोरात उचलायला गेलं की काही सेकंदात संपेल. तेव्हा हे फॉस्फेट चिकटलेलं क्रिएटिन, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, लाईट गेल्या गेल्या इन्व्हर्टर चालू व्हावा तसं आपला फॉस्फेट देऊन एटीपी परत बनवतं, तेही फार वेळ पुरत नाही, पण सेटमध्ये आठव्या-नवव्यांदा वजन उचललं जातं, म्हणजे आठवी-नववी रेप होते, ती बहुतेक त्याच्याच जिवावर. म्हणजे मी सकाळी तासभर चालते त्याला याचा काही उपयोग नाही, उपयोग आहे तो सेटच्या शेवटच्या एक-दोन रेपना. आणि त्या जास्तीच्या रेप महिनोनमहिने साठत गेल्या की मग स्नायूत फरक. नुसतं पावडर खाऊन सोफ्यावर बसलं तर स्नायू वाढणार नाहीत.

तोंडाने खाल्लेलं क्रिएटिन खरंच स्नायूत जातं का हे नीट मोजलं 1992 मध्ये रॉजर हॅरिस आणि स्टॉकहोमच्या एरिक हल्टमन यांनी. हॅरिस आधी शर्यतीच्या घोड्यांवर काम करायचे! लोकांना 5 ग्रॅम, दिवसातून चार ते सहा वेळा, असं काही दिवस दिलं आणि मांडीतून सुईने स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. साठा वाढला, आणि ज्यांचा मुळात कमी होता त्यांचा सगळ्यात जास्त वाढला. ही ओळ वाचून मी थांबले, कारण क्रिएटिन अन्नातून येतं ते मांस-मासळीतून, आणि आमच्याकडे तर अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात. शरीर स्वतः दिवसाला साधारण 1 ग्रॅम बनवतं म्हणून आमचं काही अडत नाही, पण शाकाहारी लोकांच्या स्नायूंतला साठा कमी असतो हे नंतर वेगळंही मोजलंय. डब्यातलं मात्र कारखान्यात रसायनांपासून बनतं, मांसातून काढत नाहीत, तेव्हा सासूबाईंना तोंड दाखवायला हरकत नाही.

त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिक झालं, काही ब्रिटिश धावपटूंनी हे घेतल्याच्या बातम्या आल्या आणि मग पुरुषांच्या फोटोवाले डबे. सुरुवातीचे काही दिवस रोज 20 ग्रॅम घ्यायचं, ज्याला लोडिंग म्हणतात, ते तेव्हापासून चिकटलंय. पण हल्टमन यांनीच 1996 मध्ये दाखवलं की रोज नुसते 3 ग्रॅम घेतले तरी चार आठवड्यांत साठा तिथेच पोचतो, आणि 20 ग्रॅमने पोट बिघडतं, पाणी धरून काटा एकदम किलोभर वर जातो तो त्रास वाचतो. मला घाई कसली आहे.

आता किडनी. 1997 च्या शेवटी अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन घटवताना गेले आणि संशय क्रिएटिनवर आला, तपासात निघालं की बंद गरम खोलीत रबरी सूट घालून घाम काढत होते, पाणी तोडलेलं, त्यानेच गेले. आणि 1998 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एका 25 वर्षांच्या मुलाची केस छापून आली, क्रिएटिन घेताना किडनीचं काम घसरलं, बंद केल्यावर सुधारलं. पण त्याला आठ वर्षांपासून किडनीचा आजार होता! भीती बरीचशी तिथून पसरली आणि आमच्या घरापर्यंत आली.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. क्रिएटिन शरीरात आपोआप तुटून त्याचं क्रिएटिनिन होतं, आणि लॅबवाले किडनी त्याच्यावरूनच जोखतात. म्हणजे माझंच घ्या, मागच्या रिपोर्टला 0.8 होतं, 50 वयाच्या बाईला त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, साधारण 90 येतो. समजा पावडरमुळे 1.0 झालं तर तोच आकडा 69 च्या आसपास येईल, किडनीला काहीही न होता, आणि घरात रडारड. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची वेगळी टेस्ट करतात, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. अर्थात ज्यांना खरंच किडनीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

आणि बायकांचं काय, हे मला शेवटी सापडलं, कारण अभ्यासच उशिरा झाले. कॅनडात सास्काटूनला फिलिप चिलिबेक यांनी पाळी गेलेल्या बायकांना वर्षभर वेट ट्रेनिंगसोबत क्रिएटिन दिलं. 2015 मध्ये आकडे आले, मांडीच्या हाडाच्या मानेतली घनता क्रिएटिनवाल्यांची 1.2 टक्के घटली आणि बाकीच्यांची 3.9. इंटरनेटवर बायकांना विकताना हाच आकडा फिरवतात. पण तो छोटा अभ्यास होता, सुरुवातीला 47 जणी. त्यांनीच मग 237 जणींवर दोन वर्षं केला, डोस वजनाच्या दर किलोला 0.14 ग्रॅम, म्हणजे माझ्या 62 किलोला जवळपास 9 ग्रॅम रोज, आणि 2023 मध्ये सांगितलं की हाडाच्या घनतेत फरक नाही. हाडाच्या आकाराच्या काही मापांत थोडा फायदा दिसला, तेवढाच. पहिला आकडा सगळीकडे आणि दुसरा कुठेच नाही याचा मला रागच आला.

तेव्हा हाडांसाठी म्हणून घेणार नाही, त्यासाठी बार आहेच. साठा कमी असणार आणि शेवटच्या रेप अडतात म्हणून मात्र तीन महिने 3 ग्रॅम घेऊन बघावं असं मन झुकतंय, साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, फ्लेवरवालं नको. पण आधी दोन्ही टेस्ट करून आकडे इथे लिहून ठेवायचे, आणि आदल्या दिवशी लेग डे नको, जोराच्या व्यायामानेही क्रिएटिनिन थोडं वर जातं. बीपीची गोळी चालू आहे ते डॉक्टरांना सांगून विचारायचंय. सोमवारी लॅबला फोन.