ग्रुपमध्ये नवी कंपनी जोडताय? आधी लेयर मोजा

कंपनी कायदा २०१३ प्रमाणे होल्डिंग कंपनीच्या खाली सबसिडियरीचे दोनच लेयर ठेवता येतात. हा नियम २० सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे आणि तो फक्त मोठ्या लिस्टेड ग्रुपसाठी आहे असं समजू नका, घरच्या दोन-तीन प्रायव्हेट लिमिटेड असतील तरी लागतो. सूट आहे ती बँका, इन्शुरन्स कंपन्या, सरकारी कंपन्या आणि आरबीआयकडे रजिस्टर असलेल्या मोठ्या एनबीएफसींना.

एक सवलत मात्र सगळ्यांना आहे. ज्या लेयरमध्ये फक्त १०० टक्के मालकीच्या सबसिडियरी आहेत असा एक लेयर मोजायचा नाही. एकच हं, असे दोन असले तरी दुसरा मोजला जातो.

आता उदाहरण बघू. अ ही तुमची वरची कंपनी. तिच्याकडे ब चे १०० टक्के, ब कडे क चे ६० टक्के आणि क कडे ड चे ७० टक्के शेअर्स आहेत. ब मोजायची नाही, म्हणून क पहिला लेयर, ड दुसरा, सगळं नियमात. इथे बरेच जण साठ गुणिले सत्तर करून ४२ टक्के काढतात आणि म्हणतात की ५० च्या खाली आहे म्हणजे ड आमची सबसिडियरीच नाही. असा गुणाकार चालत नाही. क चा ड वर कंट्रोल आहे, ब चा क वर, अ चा ब वर, मग ड सुद्धा अ ची सबसिडियरीच झाली. प्रत्येक पायरीवर निम्म्याहून जास्त मतदानाचा हक्क आहे का (किंवा बोर्ड कोण नेमतं) एवढंच बघायचं, आणि मधे एलएलपी असेल तर तीही धरायची.

खरा घोळ होतो तो ब मध्ये इन्व्हेस्टर आला की. समजा ब ने त्याला १० टक्के दिले. ड ला कुणी हातही लावला नाही, पण ब आता १०० टक्के राहिली नाही त्यामुळे सवलत गेली, आणि मोजणी झाली ब एक, क दोन, ड तीन. म्हणजे ज्या दिवशी अलॉटमेंट झाली त्या दिवसापासून नियमभंग सुरू. दंड कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना १०,००० रुपयांपर्यंत, शिवाय नियमभंग चालू असेल तोवर रोज १,००० रुपयांपर्यंत. रक्कम फार वाटत नाही, पण पुढच्या ड्यू डिलिजन्समध्ये ही गोष्ट हमखास वर येते आणि डील अडकतं, आम्हाला काळजी त्याची जास्त वाटते.

यावर उपाय म्हणजे ड चे शेअर्स क कडून ब ने विकत घ्यायचे, मग क आणि ड शेजारी-शेजारी येतात आणि ब धरूनसुद्धा दोनच लेयर होतात. पण ही शेअर्सची विक्री आहे, व्हॅल्युएशन लागतं, क ला कॅपिटल गेन टॅक्स लागू शकतो, म्हणून इन्व्हेस्टरचे पैसे यायच्या आधी करा. नाहीतर इन्व्हेस्टरला ब ऐवजी थेट अ मध्ये घ्या, तिथे लेयरला काहीच धक्का लागत नाही.

ब प्रायव्हेट लिमिटेड असेल तर किमान दोन मेंबर लागतात, म्हणून एखादा शेअर कुणाच्या तरी नावावर नॉमिनी म्हणून ठेवलेला असतो. त्याने १०० टक्के मालकी मोडत नाही, पण त्याचं डिक्लरेशन घेऊन MGT-6 फाइल केलेला हवा, नाहीतर रेकॉर्डवर ब पूर्ण मालकीची दिसणारच नाही. आणि ब च्या शेजारी अ ची ६० टक्क्यांची अजून एक सबसिडियरी असेल तर तो लेयर मिसळलेला झाला, तिथे सवलत धरून चालू नका असंच आम्ही सांगतो.

२०१७ च्या आधीपासून जास्त लेयर असलेल्यांनी CRL-1 भरून ते ठेवले असतील तर ठीक, पण त्यातला एखादा कमी केलात तर तो परत वाढवता येत नाही.

आता क्रॉस-होल्डिंग. सबसिडियरीने आपल्याच होल्डिंग कंपनीचे शेअर्स घ्यायचे नाहीत, स्वतःच्या नावावर नाही आणि नॉमिनीच्या नावावरही नाही, कलम १९ प्रमाणे असं अलॉटमेंट किंवा ट्रान्सफर सरळ रद्दबातल ठरतं. कारण साधं आहे, तोच पैसा वर-खाली फिरवून दोन्हीकडे भांडवल दिसतं आणि खालच्या कंपनीच्या मतांवर वरचे डायरेक्टर स्वतःलाच निवडून आणू शकतात. मात्र क कडे अ चे शेअर्स ती सबसिडियरी व्हायच्या आधीपासून असतील तर ते ठेवता येतात, पण त्यावर मत देता येत नाही आणि पुढे अ ने राइट्स इश्यू काढला तर क ला त्यात नवे शेअर्स देता येत नाहीत. क आणि ड या एकमेकींच्या सबसिडियरी नसून नुसत्या बहिणी-बहिणी झाल्या असतील तर त्यांनी एकमेकींचे थोडे शेअर्स ठेवायला कलम १९ आड येत नाही.

टर्मशीटवर सही करायच्या आधी ग्रुपमधल्या प्रत्येक कंपनीचं मेंबर रजिस्टर, नॉमिनीचे कागद आणि प्रस्तावित अलॉटमेंटनंतरचे टक्के आम्हाला पाठवा, चार्ट काढून लेयर मोजून देतो.